साहेब जागेवर नाहीत, हे जपानीत कसं सांगाल?

पुण्यातल्या एका जपानी कंपनीच्या कार्यालयात फोन वाजतो. पलीकडे ग्राहक कंपनीचे तानाका आहेत आणि त्यांना तुमचे विभागप्रमुख सातो हवे आहेत. सातो आत्ता जागेवर नाहीत. मराठी माणूस सहज म्हणेल, 'सातोसाहेब जागेवर नाहीत, थोड्या वेळात येतील.' आपल्या रीतीला धरून हे अगदी बरोबर आहे. साहेबांचा उल्लेख एकेरी करायचा नाही, मग समोर कोणीही असो. पण याच सवयीने 'सातो-बुचो वा इराश्शाइमासेन' असं जपानीत म्हटलं, तर व्याकरण बिनचूक असूनही उत्तर चुकतं. अपेक्षित वाक्य असं आहे: 'मोशिवाके गोझाइमासेन. सातो वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.' क्षमस्व, सातो सध्या जागेवरून उठलेला आहे. 'सान' नाही, 'बुचो' म्हणजे विभागप्रमुख हे पदही नाही आणि क्रियापदही मुद्दाम खालच्या पायरीवरचं.

जपानला जाऊ इच्छिणारे इंजिनिअर ज्या 'बीजेटी' परीक्षेला बसतात, तिच्यात अशा जागा पुष्कळ असतात. 'बिझनेस जॅपनीज प्रोफिशिअन्सी टेस्ट' हे तिचं पूर्ण नाव. आपल्याकडे जपानी शिकणाऱ्यांना जेएलपीटी ठाऊक असते. एन-५ पासून एन-१ पर्यंतच्या तिच्या पायऱ्या चढत जायच्या, प्रत्येक पायरीला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल. बीजेटीचा घाट वेगळा आहे. ती १९९६ साली जपानच्या परदेश व्यापार संघटनेने, म्हणजे जेट्रोने सुरू केली आणि २००९ पासून जपानी कांजी क्षमता चाचणी प्रतिष्ठान ती घेतं. २०१७ पासून ती संगणकावर होते. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते आणि पास-नापास हा प्रकारच नाही. शून्य ते आठशे या पट्टीवर गुण मिळतात आणि त्यावरून जे-५ ते जे-१ आणि सर्वांत वर जे-१ प्लस अशी श्रेणी ठरते. ४२० ते ५२९ गुणांना जे-२, ५३० पासून जे-१ आणि ६०० पासून जे-१ प्लस.

या गुणांना व्हिसाच्या हिशेबातही किंमत आहे. जपानने २०१२ साली उच्च कौशल्याच्या परदेशी व्यावसायिकांसाठी गुणांकन पद्धत आणली. शिक्षण, अनुभव, पगार, वय अशा बाबींना गुण मिळतात आणि सत्तर गुण झाले की विशेष दर्जा मिळू शकतो. जपानी भाषेचे त्यात पंधरा गुण मिळतात, ते जेएलपीटी एन-१ किंवा बीजेटीत ४८० गुण असतील तर. एन-२ किंवा बीजेटीत ४०० असतील तर दहा. सत्तरातले पंधरा म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक.

परीक्षा साधारण १०५ मिनिटांची असते आणि प्रश्न ८०. पहिल्या भागात फक्त ऐकायचं, दुसऱ्यात ऐकता ऐकता समोरचा तक्ता किंवा पत्र वाचायचं आणि तिसऱ्यात फक्त वाचायचं. तिसऱ्या भागात तीस मिनिटांत तीस प्रश्न सोडवायचे असतात. सगळे प्रश्न पर्यायी आहेत. बोलायचं काही नाही आणि लिहायचंही नाही. ही परीक्षा केवळ इंजिनिअरांसाठी नाही. विक्री, हिशेब, कर्मचारी विभाग अशा सगळ्यांचेच प्रसंग तिच्यात येतात. धंद्याचं ज्ञान ती तपासत नाही. कामाच्या ठिकाणी पुढ्यात आलेली माहिती समजून घेऊन योग्य प्रतिसाद देता येतो का, एवढंच ती बघते. म्हणूनच पाठांतराच्या जोरावर एन-२ पर्यंत पोचलेला विद्यार्थी इथे गडबडतो. चारही पर्याय त्याला कळतात, चारही व्याकरणात बसतात, आणि मग निवडायचा कुठला?

निवडीची पहिली किल्ली म्हणजे आतले कोण आणि बाहेरचे कोण. जपानीत याला 'उचि' आणि 'सोतो' म्हणतात. मराठीत आदर व्यक्तीला चिकटलेला असतो. सर, साहेब, काकू कुठेही गेल्या तरी त्यांचं अनेकवचन त्यांच्यासोबत जातं. जपानी 'केइगो', म्हणजे आदरार्थी भाषा, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधल्या रेषेवर ठरते. कार्यालयात सातोंशी बोलताना ते वरचे. ग्राहकाशी बोलायला लागलात की रेषा सरकते, तुम्ही आणि सातो एका बाजूला येता आणि ग्राहक दुसऱ्या बाजूला जातो. आता आपल्या बाजूच्या माणसाला उंच करणं म्हणजे समोरच्याला खाली ढकलणं. नावानंतर पद जोडलं की तेही आदरार्थीच होतं, म्हणून 'सातो-बुचो' चालत नाही. 'बुचो नो सातो', म्हणजे विभागप्रमुख असलेला सातो, हे मात्र चालतं, कारण तिथे पद ही नुसती माहिती उरते.

दुसरी किल्ली क्रियापदांची. जपान सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ साली केइगोबद्दल मार्गदर्शिका दिली आणि तिच्यात आदरार्थी भाषेचे पाच प्रकार मानले. परीक्षेच्या दृष्टीने त्यातले तीन नीट कळले तरी बरंच काम होतं. समोरच्याची क्रिया उंचावणारा 'सोनकेइगो' हा पहिला. दुसऱ्या दोन्हींत स्वतःची क्रिया खाली आणायची असते, पण त्यांच्यात एक बारीक फरक आहे आणि नेमका तोच निसटतो. 'जाणे' हेच क्रियापद घ्या. ग्राहकाच्या कारखान्यात उद्या जायचं आहे, तर 'उकागाइमासु'. या क्रियापदात जिथे जायचं त्या ठिकाणाचा मान राखलेला असतो. पण ग्राहकाला सांगायचं आहे की उद्या आपण आपल्याच नागोयाच्या कारखान्यात जाणार आहोत, तर 'माइरिमासु'. हे क्रियापद ऐकणाऱ्यापुढे नम्र होतं, ठिकाणाला मान देत नाही. तिथे 'उकागाइमासु' म्हटलं तर आपण आपल्याच कारखान्याला नमस्कार घातल्यासारखं होतं. 'माइरिमासु' आणि 'उकागाइमासु' ही दोन्ही 'जाणे'ची नम्र रूपं म्हणून एकाच ओळीत पाठ केलेली असतात, तेव्हा हा फरक दिसतच नाही.

आता तांत्रिक शब्दांकडे येऊ. इंजिनिअरला वाटतं की या भागात आपल्याला अवघड काय? अर्धे शब्द तर इंग्रजीतूनच गेलेले. काही अंशी खरं आहे. 'तेस्तो', 'देएता', 'बागु' सहज ओळखू येतात. कारखान्यातला 'जिगु' हा तर आपला जिगच, त्याला वर कांजीचा पोशाख चढवलेला. पण रोजच्या कामाचा कणा असलेले शब्द कांजीच्या जोडशब्दांनी बनलेले आहेत. ड्रॉइंग म्हणजे 'झुमेन', माप म्हणजे 'सुन्पो', टॉलरन्स म्हणजे 'कोसा', डाय किंवा साचा म्हणजे 'कानागाता', स्पेसिफिकेशनचा कागद म्हणजे 'शियोशो', डिलिव्हरीची ठरलेली तारीख म्हणजे 'नोकी'. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी 'होनबान' म्हणजे प्रत्यक्ष वापरातली यंत्रणा, 'कोसू' म्हणजे कामाला लागणारे मनुष्यतास आणि 'तेमोदोरी' म्हणजे मागच्या टप्प्यावर परत जाऊन करावं लागलेलं काम.

हे शब्द एकेक पाठ करत बसलं तर संपत नाहीत. त्यापेक्षा त्यांचे उपसर्ग आणि प्रत्यय धरावेत. संस्कृत शब्दांत 'पुनर्' किंवा 'अ' दिसला की मराठी वाचकाला अर्थाची दिशा कळते, तशीच सोय इथेही आहे. 'साइ' म्हणजे पुन्हा: 'साइहात्सु' दोष पुन्हा उद्भवणं, 'साइगेन' तोच दोष मुद्दाम पुन्हा घडवून पाहणं, 'साइकिदो' यंत्रणा पुन्हा सुरू करणं. 'मि' म्हणजे अजून न झालेलं: 'मिकाकुनिन' न तपासलेलं, 'मिताइओ' ज्यावर अजून काही केलेलं नाही ते. 'फु' नकार दाखवतो आणि शेवटी 'रित्सु' आलं की प्रमाण: 'फुर्यो' म्हणजे सदोष माल, 'फुर्योरित्सु' म्हणजे सदोष मालाचं प्रमाण. कांजी ओळखीची झाली की न पाहिलेला शब्दही वाचताना उलगडतो. ऐकताना मात्र ही युक्ती अपुरी पडते, कारण जपानीत सारख्या उच्चाराचे शब्द फार आहेत. 'कोसा' हा उच्चार टॉलरन्ससाठी आहे, तसा चौकातल्या छेदासाठीही आहे. ऐकताना अर्थ ठरतो तो सोबतच्या क्रियापदावरून आणि प्रसंगावरून.

म्हणून शब्दाच्या वहीत शब्द एकटा लिहू नये, त्याचं ठरलेलं क्रियापदही लिहावं. दोष 'हास्सेइ' होतो, म्हणजे उद्भवतो. कारणाचा 'क्यूमेइ' करतात, म्हणजे छडा लावतात. तारीख 'मामोरु', म्हणजे पाळतात. उपाय 'कोजिरु', म्हणजे योजतात. तिसऱ्या भागातल्या शब्द-व्याकरणाच्या दहा प्रश्नांना या जोड्यांचा थेट उपयोग होतो. काही क्रियापदं शब्दकोशातल्या अर्थाने फसवतात. 'मिओकुरु' म्हणजे निरोप द्यायला जाणं, हे पहिल्या वर्षीच शिकतो. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र 'खरेदी मिओकुरु' आलं, तर ती यावेळी न करण्याचं ठरलं असा अर्थ होतो.

याहून महत्त्वाचे आहेत ते जवळजवळ एका अर्थाचे शब्द, ज्यांच्या निवडीने जबाबदारीचं माप बदलतं. मालात काही बिघडलेलं आढळलं तर पहिल्या पत्रात 'फुगुआइ' लिहितात, म्हणजे काहीतरी नीट चाललेलं नाही. कारण ठाऊक नसताना हा शब्द सुरक्षित आणि प्रामाणिक आहे. 'कोशो' म्हणजे यंत्र बंद पडणं. 'केक्कान' म्हणजे मुळातला दोष, आणि हा शब्द जड आहे, कारण १९९५ साली जपानमध्ये लागू झालेल्या उत्पादन-दायित्वाच्या कायद्यात नुकसानभरपाईचा प्रश्न याच शब्दाभोवती फिरतो. तपास पूर्ण होण्याआधी ग्राहकाला 'आमच्या मालात केक्कान आहे' असं लिहिणारा इंजिनिअर नम्र ठरत नाही. त्याने ठाऊक नसलेली गोष्ट कबूल केलेली असते. शब्दसंग्रह आणि नम्रता यांचे वर्ग वेगवेगळे घेतले जातात, पण कामाच्या पत्रात ती दोन्ही एकाच वाक्यात एकच काम करत असतात: कोणाचं काय देणं लागतं, हे सांगण्याचं.

एक प्रसंग घेऊन हे शेवटपर्यंत पाहू. समजा, चाकणमधला एक कारखाना जपानी ग्राहकासाठी ब्रॅकेट बनवतो. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास ८.०० मिलिमीटर आणि टॉलरन्स अधिक-उणे ०.०५. पाठवायच्या ५०० नगांपैकी १२ नगांत व्यास ८.०८ भरला. कारण सापडलं: जिगमध्ये ड्रिलला वाट दाखवणारा बुश झिजला होता. नोकी शुक्रवारची आहे. चांगले ४८८ नग तयार आहेत, उरलेले १२ सोमवारी देता येतील. हे ग्राहकाला कळवायचं आहे.

आपल्याकडची सवय अशी की आधी परिस्थिती सांगायची, मग कारण आणि शेवटी 'म्हणून थोडा उशीर होईल'. जपानी वाचकाला कारण आधी आलेलं दिसलं की ती 'इइवाके', सबब वाटते. पत्राची चाल अशी असावी: सुरुवातीला त्रासाबद्दल क्षमा, लगेच काय घडलं आणि किती नगांत, मग तारखेबद्दलची विनंती, मग तात्पुरता उपाय, कारण आणि शेवटी कायमचा उपाय, तारखेसह. पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'गोमेइवाकु ओ ओकाकेशि, माकोतोनि मोशिवाके गोझाइमासेन.'

पुढे मोजणीचा शब्द. सगळे ५०० नग तपासले असतील तर 'झेन्सू केन्सा', म्हणजे संपूर्ण तपासणी. नमुना काढून तपासले असतील तर 'नुकितोरी केन्सा'. नमुना तपासून पहिला शब्द लिहिला तर ग्राहकाला दिलेली हमीच खोटी ठरते. आणि या तपासणीचं क्रियापद कुठलं? इथे अनेक जण 'केन्सा सासेते इतादाकिमाशिता' लिहितात, कारण ते लांब आहे आणि लांब म्हणजे नम्र असा समज असतो. 'सासेते इतादाकु' या रचनेचा गाभा समोरच्याच्या परवानगीचा आहे: तुम्ही करू दिलंत, म्हणून मी केलं. स्वतःचा माल तपासायला ग्राहकाची परवानगी कशाला? तिथे 'केन्सा इताशिमाशिता' पुरे. उरलेले १२ नग सोमवारी देऊ का, हे मात्र खरंच त्याच्या परवानगीवर आहे. म्हणून तिथे 'गेत्सुयोबि नो नोन्यू तो सासेते इतादाकेनाइ देशो का' ही रचना अगदी जागेवर बसते. परवानगी मागायची गरज आहे का, हा एक प्रश्न स्वतःला विचारला की या रचनेचा अतिवापर थांबतो. परीक्षेतही जास्त नम्र दिसणारा पर्याय अनेकदा सापळा असतो.

उपाय दोन प्रकारचे असतात आणि त्यांची नावं वेगळी आहेत. बुश बदलला आणि सदोष नग वेगळे काढले, हा 'झान्तेइ ताइसाकु', तात्पुरता उपाय. बुश झिजण्याआधीच बदलला जावा म्हणून देखभालीच्या तक्त्यात ठरावीक नगांनंतर बदल नोंदवणं आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या नगाचं भोक गो-नो-गो गेजने तपासणं, हा 'कोक्यू ताइसाकु', कायमचा उपाय. 'कामगाराचं लक्ष नव्हतं' हे कारण इथे चालत नाही. लक्ष नसतानाही दोष पुढे जाऊ नये अशी व्यवस्था का नव्हती, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. 'साइहात्सु बोशी', म्हणजे दोष पुन्हा होऊ न देणं, या शीर्षकाखाली हेच उत्तर द्यावं लागतं.

आता या पत्रावर ग्राहकाचं उत्तर आलं असं समजू: 'कायमचा उपाय केव्हापासून अमलात येईल ते कृपया कळवावं.' परीक्षेच्या धाटणीने चार पर्याय मांडू. पहिला: 'बुश आजच बदलला आहे.' दुसरा: 'येत्या महिन्याच्या एक तारखेच्या पहिल्या पाळीपासून गेज-तपासणी सुरू करत आहोत.' तिसरा: 'याचा विचार करू.' चौथा: 'आमचे विभागप्रमुख तारीख ठरवतील आणि ती आपल्याला कळवली जाईल', ज्यात विभागप्रमुखांच्या क्रियेला 'ओकिमेनि नारिमासु' असं आदरार्थी रूप दिलेलं आहे. चारही वाक्यं जपानीत सभ्य शेवटाने संपतात, असं धरा.

पहिला पर्याय चुकतो तो तांत्रिक शब्दावर. ग्राहकाने कोक्यू विचारलं, उत्तर झान्तेइचं दिलं. चौथा चुकतो तो आत-बाहेरच्या रेषेवर, ग्राहकापुढे आपल्याच साहेबांना उंच केलं. शिवाय तारीखही दिली नाही. तिसरा सर्वांत फसवा. 'केन्तो सासेते इतादाकिमासु', म्हणजे विचार करू, हे ऐकायला नम्र आहे आणि रोज वापरलं जातं. पण ते होकार म्हणून कोणी ऐकत नाही आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ सौम्य नकार असाच घेतला जातो. दोष तुमचा असताना हे उत्तर म्हणजे टाळाटाळ. उरतो दुसरा. तो चौघांत सर्वांत साधा आहे आणि जे विचारलं तेवढंच तारखेसह सांगतो.

नकार देतानाही याच तऱ्हेने विचार करावा लागतो. ग्राहकाने डिलिव्हरी अलीकडे ओढायला सांगितली, तर 'देकिमासेन', जमणार नाही, हे दार लावून घेणं होतं. 'इताशिकानेमासु' हा नकार औपचारिक आणि स्पष्ट आहे, तो अंतिम निर्णयासाठी राखावा. रोजच्या कामात उपयोगी पडतं ते असं: 'किन्योबि वा मुझुकाशिइ नो देसु गा, गेत्सुयोबि नो गोझेन देशितारा ताइओ देकिमासु.' शुक्रवार अवघड आहे, पण सोमवारी सकाळी असेल तर देऊ शकू. 'मुझुकाशिइ', अवघड, हा इथे नकारच आहे. मराठी कानाला 'अवघड आहे' म्हणजे अजून प्रयत्नाला जागा आहे असं वाटतं, आणि ऐकण्याच्या भागात त्यावरच चूक होते. बैठकीत पलीकडचा माणूस 'चोत्तो मुझुकाशिइ देसु ने' म्हणून थांबला, तर प्रस्ताव बारगळला असं समजून पुढचा प्रश्न सोडवावा.

तयारीच्या वेळी सराव-प्रश्नांचे नुसते बरोबर-चूक मोजले तर फार काही कळत नाही. प्रत्येक प्रश्नात उरलेले तीन पर्याय का सोडले, हे एकेका शब्दात लिहावं: 'माहिती', 'रेषा' किंवा 'जबाबदारी'. माहिती म्हणजे विचारलं एक आणि सांगितलं दुसरं, झान्तेइ-कोक्यूसारखं. रेषा म्हणजे आत-बाहेर चुकलं. जबाबदारी म्हणजे नको तिथे कबुली, नको तिथे परवानगी किंवा हवी तिथे टाळाटाळ. काही सरावसंचांनंतर चुका कुठल्या शब्दाखाली जमतात ते दिसतं. माहितीखाली जमत असतील तर केइगोची पुस्तकं वाचून उपयोग नाही, शब्द आणि त्यांची क्रियापदं कानावर पडायला हवीत. रेषेखाली जमत असतील तर शब्दसंग्रह वाढवून गुण वाढणार नाहीत. तिथे एकच निरोप तीन जणांना सांगून पाहावा: सहकाऱ्याला, साहेबांना आणि ग्राहकाला. 'ड्रॉइंग पाहिलं का?' एवढं वाक्य घेतलं तरी चालतं. सहकाऱ्याला 'झुमेन, मिता?', ग्राहकाला 'झुमेन वा गोरान नि नारिमाशिता का'. आणि त्याच ग्राहकाला आपण पाहिल्याचं सांगताना 'हाइकेन इताशिमाशिता'.

वेळेचा प्रश्न दुसऱ्या भागात सर्वांत जास्त भेडसावतो. कानात संवाद चालू असतो आणि समोर वेळापत्रक, आलेख किंवा दरपत्रक असतं. इंजिनिअर तक्ता आधी पूर्ण वाचायला जातो, कारण कामात तीच सवय चांगली असते, आणि तोवर संवाद निघून जातो. तक्त्याचं शीर्षक, उभ्या-आडव्या रकान्यांची नावं आणि एखादी तळटीप एवढंच आधी पाहावं. आकडे कान सांगेल तेव्हाच शोधावेत. संवादात तारीख बहुतेक वेळा बदलते. आधी एक सांगितली जाते, मग कोणी 'माएदाओशि', म्हणजे अलीकडे आणायला सांगतं, मग अर्धी मान्य होते. उत्तर शेवटच्या तारखेत असतं.

या परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ती बोलणं तपासत नाही. योग्य वाक्य ओळखणारा माणूस फोनवर तेच वाक्य वेळेत उच्चारू शकेल, याची खात्री ५३० गुणही देत नाहीत. दुसरं म्हणजे तिची भाषा मुख्यतः बैठका, फोन आणि पत्रांची आहे. कारखान्याच्या यंत्रापाशी कोणी इतकं केइगो बोलत नाही. तिथे तुटक, वेगवान आणि त्या भागाच्या बोलीतली जपानी ऐकू येते, ओसाकाच्या बाजूला तर वाक्यांचे शेवटही वेगळे. तिसरं म्हणजे कंपनीगणिक रीत बदलते. 'र्योकाइ शिमाशिता', समजलं, हे वरिष्ठांना म्हणू नये, 'शोचि शिमाशिता' म्हणावं, असं बहुतेक पाठ्यपुस्तकं सांगतात. काही कचेऱ्यांत पहिलं सर्रास चालतं. परीक्षेत पाठ्यपुस्तकाचं धरावं, आणि नोकरीत पहिले काही आठवडे शेजारचा सहकारी काय म्हणतो ते ऐकावं.

जपानला निघण्याआधी आणखी एक तयारी स्वतःच करता येते, परीक्षा ती मागत नसली तरी. आपण सध्या जे काम करतो त्यातली एक खरी अडचण निवडायची. दोष काय, किती नगांत, कसा सापडला, आज काय केलं, पुढे काय करणार आणि केव्हापासून, अशी सहा वाक्यं जपानीत लिहायची. शिक्षकांकडून ती तपासून घ्यायची आणि मग तोंडाने, घड्याळ लावून, एका मिनिटात सांगायची. तिथे अडखळायला होतं ते बहुतेक केइगोवर नव्हे, तर 'केव्हापासून' या सहाव्या वाक्यावर, कारण ती तारीख मराठीतही अजून ठरलेली नसते. ती आधी ठरवावी.